रविवारची पंचवीस मिनिटं: खटकलेली छोटी गोष्ट नवऱ्याला किंवा बायकोला वेळेत कशी सांगायची

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि त्यातली शेवटची चार वर्षं आम्ही दर रविवारी सकाळी पंचवीस मिनिटं एकमेकांसाठी काढतो, त्यात त्या आठवड्यात खटकलेली एकेकच गोष्ट बोलतो आणि मग भाजी घेऊन घरी येतो. ऑफिसमधल्या दोघी-तिघींनी हल्ली मला ट्रेनमध्ये विचारलं की नक्की काय करता, कसं सुरू करायचं, आमचा हा तर बोलायलाच बसत नाही. उभ्या उभ्या गर्दीत ते नीट सांगता येत नाही म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितेय. नवीन लग्न झालेल्यांना जास्त उपयोगी पडेल, पण आम्ही स्वतः पाच वर्षं झाल्यावर सुरू केलं होतं.

आधी हे कशासाठी आहे ते सांगते म्हणजे गोंधळ नको. हे फक्त बारीकसारीक गोष्टींसाठी आहे. डबा, टॉवेल, फोन, कोण कधी उठतं, सगळ्यांसमोर काय बोललं गेलं, अशा गोष्टी ज्या त्या क्षणी बोलाव्याशा वाटत नाहीत कारण "जाऊ दे ना, एवढ्याशा गोष्टीवरून काय बोलायचं" असं वाटतं, आणि मग त्या मनात साठत जातात, आणि तीन महिन्यांनी भलत्याच विषयावर, बहुतेक वेळा पाहुणे यायच्या दिवशी, सगळ्या एकदम बाहेर पडतात. घराचं लोन, मूल कधी, आईवडिलांना इकडे आणायचं का, असले विषय ह्या पंचवीस मिनिटांत घ्यायचे नाहीत, त्यांना वेगळा दिवस द्यायचा. आणि घरात मारहाण असेल, धमक्या असतील, बोललं तर पुढे काय होईल याची भीती वाटत असेल तर हा उपाय त्यासाठी नाहीच. तिथे मन मोकळं केलं तर ते उलट आपल्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. अशा वेळी 181 ही महिला हेल्पलाइन आहे, लगेच धोका असेल तर 112.

पहिलं काम म्हणजे वेळ आणि जागा. आम्ही सुरुवातीला शुक्रवारी रात्री साडेदहाला बसायचं ठरवलं होतं, आठवडा संपला, आता निवांत, असा विचार. ते सपशेल फसलं. मी परळहून आलेली, हा ऐरोलीहून नऊ-सव्वानऊला आलेला, दोघंही थकलेले, मुलगी आत्ताच झोपलेली, आणि त्या वेळी साधं वाक्य पण टोचतं. थकलेलं असताना, भुकेलं असताना, आणि झोपायच्या आधी हे करायचं नाही, कारण अर्धवट राहिलं तर दोघंही छताकडे बघत पडून राहतात. रविवारची संध्याकाळ पण नको, तेव्हा सोमवार डोक्यावर बसलेला असतो. आम्हाला रविवारी सकाळी साडेसात जमलं. तुमची सुट्टी बुधवारी असेल तर बुधवारी करा, फक्त दर आठवड्याला तोच दिवस आणि तीच वेळ ठेवा. वेळ ठरलेली असली की मंगळवारी काही खटकलं तरी मनाला माहीत असतं की ह्याला जागा आहे, म्हणून ते मंगळवारीच दारात सांगायची घाई होत नाही.

जागेचं म्हणाल तर वन बीएचकेमध्ये सासूबाई हॉलमध्ये आणि मुलगी बेडरूममध्ये असताना बोलणार कुठे, हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांनाच आहे. आम्ही घराबाहेर जातो. चहा-बिस्किट खाऊन निघायचं, ठाण्यातल्या तलावपाळीला रमतगमत फिरायचं, मग जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन परत. आईंना आम्ही काही लपवत नाही, "फिरून भाजी घेऊन येतो" एवढंच सांगतो, आणि ते खरंच असतं. नवी मुंबईत राहणाऱ्यांना तर फिरायला जागाच जागा, सेक्टरमधलं गार्डन पण चालेल. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं असा माझा अनुभव आहे, सारखं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही आणि मध्ये शांतता आली तरी ती अंगावर येत नाही. एक फोन घरी, एक माझ्या पर्समध्ये टायमर लावून. पंचवीस मिनिटांचा टायमर खरंच लावायचा. हा आधी टाळत होता त्याचं एक कारण हेच होतं की एकदा बोलणं सुरू झालं की संपणार कधी ते कळत नाही. शेवट ठरलेला आहे म्हटल्यावर तो तयार झाला.

दुसरं काम आठवडाभर चालतं आणि ते एकट्याने करायचं असतं. काही खटकलं की फोनच्या नोट्समध्ये एक ओळ लिहायची: कधी, कुठे, काय झालं. "मंगळवार, सकाळी सहा, डबा बॅगेतच होता." एवढंच. "ह्याला माझी पर्वाच नाही" असं लिहायचं नाही, कारण तो आपण काढलेला अर्थ आहे, घडलेली गोष्ट नाही, आणि रविवारपर्यंत तोच अर्थ डोक्यात पक्का होऊन बसतो. ही नोट नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला असा मेसेज आला की तो उत्तर देतो, मग त्यावर उत्तर, मग दोन निळ्या टिका आणि उत्तर नाही, आणि रविवारचं बोलणं बुधवारीच बिघडलेलं असतं.

शनिवारी रात्री ती यादी वाचायची आणि त्यातली एकच गोष्ट निवडायची. पाचातल्या तीन गोष्टी तर तोपर्यंत विरून गेलेल्या असतात, वाचून वाटतं की त्या दिवशी मला झोप झाली नव्हती एवढंच. उरलेल्यांतली कुठली घ्यायची ते बघायला मी तीन गोष्टी तपासते. ती ह्याच आठवड्यात झालीये का, ती डोळ्यांनी दिसणारी किंवा कानांनी ऐकू येणारी आहे का, आणि समोरच्याला येत्या सात दिवसांत त्यात काही बदल करून बघता येईल का. "तू हल्ली बदललायस" ही पहिल्याच फटक्यात बाद. "डबा रात्री सिंकमध्ये येत नाही" ही बसते.

आता प्रत्यक्ष पंचवीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं आभाराची. दोघांनी त्या आठवड्यातल्या दोन-दोन गोष्टी सांगायच्या, आणि त्या ठळक असायला हव्यात. "तू खूप करतोस" ह्याने काही होत नाही, ते ऐकून समोरचा मान हलवतो आणि पुढे काय येणार म्हणून घाबरतो. "गुरुवारी मला उशीर झाला तेव्हा तू आईंना न सांगता कुकर लावला होतास, मी दारात आले आणि शिटीचा आवाज ऐकून मला बरं वाटलं" असं सांगायचं. आपल्याकडे नवरा-बायकोत थँक्यू म्हणणं ऑकवर्ड वाटतं, "घरच्या माणसाचे कसले आभार", म्हणून पहिले तीन-चार रविवार हे नाटकी वाटेल, तरी करा. अमेरिकेतले जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अनेक वर्षं जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, बोलायला लावून, व्हिडिओ काढून अभ्यास केला. त्यांना असं दिसलं की टिकलेल्या जोडप्यांत वादाच्या बोलण्यातसुद्धा एका कडू गोष्टीमागे साधारण पाच गोड गोष्टी असतात, म्हणजे हसणं, मान डोलावणं, "हो, तुझं बरोबर आहे" म्हणणं वगैरे. मोजत बसायचं नाही, पण आधी आभार का, ते ह्यावरून कळेल.

त्यानंतर दहा मिनिटं एकाची आणि दहा मिनिटं दुसऱ्याची. आधी कोण, हे आम्ही आलटून पालटून ठरवतो. बोलणाऱ्याने तीन वाक्यं बोलायची: काय झालं, मला काय झालं, मला काय हवंय. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून आमचाच एक रविवार पूर्ण सांगते.

माझी गोष्ट डब्याची होती. हा रात्री येतो, बूट काढतो, बॅग तिथेच शू रॅकवर टेकवतो, आणि डबा बॅगेत राहतो. सकाळी पावणेसहाला मी तो काढते तेव्हा उसळीचा रस्सा झाकणाच्या रबराला सुकून बसलेला असतो, आणि झाकण उघडताना जो वास येतो तो सकाळी उपाशीपोटी सहन होत नाही. पूर्वी मी ह्यावर काय करायचे, तर सकाळी भांडी आपटायचे. त्याने विचारलं "काय झालं गं?" की "काही नाही" म्हणायचे. किंवा "राहू दे, मीच करते, सवय आहे मला." हे आपले सगळ्यांचे लाडके टोमणे, आई-मावश्यांकडून ऐकून आलेले, आणि त्या टोमण्यांनी कधीच डबा सिंकमध्ये गेलेला नाही. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की ही चिडलीये, कशाने ते कळत नाही.

त्या रविवारी मी आधी मनात जे वाक्य तयार केलं होतं ते असं: "तुला कितीदा सांगितलं तरी तू कधीच डबा बाहेर काढत नाहीस, सगळं मीच बघायचं का?" ह्यात "कितीदा", "कधीच", "सगळं", "मीच" असे चार शब्द आहेत आणि चारही भांडणाचे आहेत. "कधीच" म्हटलं की समोरचा तो एक दिवस शोधतो ज्या दिवशी त्याने डबा काढला होता, आणि मग चर्चा त्या दिवसावर होते. शेवटी मी बोलले ते हे: "ह्या आठवड्यात तीन दिवस सकाळी डबा बॅगेतच होता. तो वासाचा डबा घासताना मला खूप चिडचिड होते आणि दिवसाची सुरुवातच रागाने होते. रात्री आल्यावर तो उघडून त्यात पाणी घालून सिंकमध्ये ठेवशील का?" बस. इथे थांबायचं. थांबणं फार अवघड जातं कारण जीभ पुढे "आणि तो टॉवेल पण" म्हणायला तयार असते. "आणि" आला की समजा गाडी रुळावरून घसरली. टॉवेल पुढच्या रविवारी.

दुसऱ्या वाक्याची अजून एक गंमत आहे, मराठीत "मला वाटतं" म्हणून काहीही सुरू करता येतं. "मला वाटतं तू बेफिकीर आहेस" ही भावना नाही, तो आरोप आहे. भावना म्हणजे चिडचिड होते, वाईट वाटलं, एकटं वाटलं, भीती वाटली, लाज वाटली. वाक्यात "तू" हा कर्ता आला की परत बघा.

आता ऐकणाऱ्याचं काम, आणि खरं सांगायचं तर हे बोलण्यापेक्षा कठीण आहे. त्याने आधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मग एक प्रश्न विचारायचा, आणि तोपर्यंत खुलासा द्यायचा नाही, "पण" म्हणायचं नाही. त्या दिवशी हा म्हणाला, "म्हणजे डबा बॅगेत राहतो आणि सकाळी तुला तो वासाचा घासावा लागतो, त्याने तुझी सकाळ खराब होते. बरोबर?" मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, "सकाळी नक्की काय होतं, घासायला वेळ जातो की वासाचं?" आणि ह्या एका प्रश्नातून जे निघालं ते मला स्वतःलाही स्पष्ट नव्हतं. आमच्या बिल्डिंगला सकाळी सहा ते साडेसात पाणी. त्या दीड तासात पाणी भरायचं, आदल्या दिवशीचे कपडे मशीनला लावायचे, दोन डबे करायचे, मुलीला उठवायचं. त्या वेळेतली दहा मिनिटं सुकलेला रस्सा भिजवण्यात गेली की माझी 8.12 ची फास्ट जाते, आणि नंतरच्या ट्रेनला आत शिरायलाच मिळत नाही. म्हणजे राग डब्याचा नव्हताच पुरता, राग ह्याचा होता की माझ्या सकाळच्या दीड तासाला कोणी मोजतच नाही. मी हे बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "मला वाटायचं तुला डबा असाच पण घासायचा असतो सकाळी, मग काय फरक पडतो." त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण तो पावणेसातला उठतो.

त्याची बाजू नंतर आली. तो घरात शिरतो तेव्हा मुलगी अंगावर उडी मारते, बूट काढता काढता ती बॅग ओढते, आणि तिच्यासोबत तो आत जातो ते थेट जेवायलाच. त्यामुळे डबा आठवत नाही. हे कळल्यावर "लक्षात ठेव" असं सांगण्यात अर्थ नव्हता, लक्षात न राहण्याचंच तर कारण होतं. म्हणून मागणी बदलली. आम्ही किचनच्या दाराच्या आतल्या बाजूला एक हुक लावला आणि ठरवलं की बॅग शू रॅकवर न ठेवता तिथे टांगायची. बॅग सिंकपासून दोन हातांवर आली की डबा काढलाच जातो. फक्त एक आठवडा करून बघायचं, पुढच्या रविवारी विचारायचं जमलं का. पुढच्या रविवारपर्यंत पाचातले चार दिवस डबा सिंकमध्ये पाणी घालून ठेवलेला होता. पाचव्या दिवसाचं मी काढलं नाही, तुम्हीही काढू नका, हिशेब लागला की माणूस परीक्षा दिल्यासारखा वागायला लागतो.

मागणीचं हे एवढं पक्कं लक्षात ठेवा की ती कॅमेऱ्यात दिसेल अशी असावी. "जरा समजून घे" हे कॅमेऱ्यात दिसत नाही. "आल्यावर बॅग किचनच्या हुकला" हे दिसतं. आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक हवी. तो म्हणू शकतो की रोज नाही जमणार, शुक्रवारी उशीर असतो तेव्हा तू कर. चालेल की.

त्याच रविवारी त्याची दहा मिनिटं पण झाली. त्याची गोष्ट अशी होती की तो दारातून आत आला की मी लगेच कामं सांगायला लागते, सिलेंडर बुक केलास का, सोसायटीचा मेंटेनन्स भरलास का. त्याला घरात येऊन पंधरा मिनिटं काहीच ऐकायचं नसतं. मला हे ऐकताना पटकन "मग मी सांगू कधी?" असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं, त्याचं वाक्य परत म्हटलं, आणि प्रश्न विचारला. आता कामं फ्रिजवरच्या पाटीवर लिहिते आणि जेवल्यावर बोलतो.

ह्या सगळ्यात पहिली दोन-तीन वाक्यं एवढी जपून बोलायला का सांगतेय, तर 1999 साली गॉटमन आणि सिबिल कॅरेर ह्यांनी नवीन लग्न झालेल्या 124 जोडप्यांवरचा अभ्यास छापला होता. वादाच्या विषयावर त्यांचं पंधरा मिनिटं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, आणि त्यातली फक्त पहिली तीन मिनिटं बघूनसुद्धा पुढे कोणाचा घटस्फोट होण्याची शक्यता जास्त आहे ह्याचा बराच अंदाज आला. बोलणं ज्या सुरात सुरू होतं बहुतेक वेळा त्याच सुरात संपतं, हे आपण घरात पण बघतोच.

बिघडतं कुठे, ते आता. बिघडायला लागलंय हे शरीर आधी सांगतं: कान गरम होतात, छातीत धडधड वाढते, श्वास वर वर चालतो, आणि समोरचा काय बोलतोय त्याऐवजी आपण काय उत्तर देणार हेच डोक्यात फिरायला लागतं. काही माणसांचं उलट होतं, ती एकदम गप्प होतात, "हं", "ठीक आहे", आणि नजर दुसरीकडे. बायकांना हे गप्प होणं म्हणजे दुर्लक्ष वाटतं, पण आतून तो माणूस बऱ्याचदा जास्त घाबरलेला असतो. हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की ऐकून घ्यायची, समजून घ्यायची ताकद कमी होते असं गॉटमन म्हणतात, आणि शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणजे "बरं शांत हो" म्हणून लगेच पुढे बोलण्यात अर्थ नाही.

त्यासाठी आमचा एक शब्द ठरलाय, "ब्रेक". कोणीही म्हटलं की दुसऱ्याने एक शब्दही पुढे बोलायचा नाही. जो ब्रेक घेतो त्याने परत कधी ते सांगायचं, "मी चहा घेऊन येतो, अर्ध्या तासाने बोलू." हे सांगणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वेळ न सांगता उठून जाणं म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं होतं. आणि त्या अर्ध्या तासात मनात वाद घालत बसायचं नाही, नाहीतर धडधड कमी होतच नाही. मी तलावाच्या कठड्याला टेकून बदकं बघते, हा पुढे कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत एकटा चालून येतो.

दुसरं, आवाज न वाढताही बिघडतं ते म्हणजे तुच्छता. डोळे फिरवणं, "वा, साहेबांना आज वेळ मिळाला", नक्कल करून दाखवणं, "तुझ्या आईसारखंच बोललीस". आवाज चढला तर सॉरी म्हणून पुढे जाता येतं, पण हे बोललं गेलं की त्या दिवसाचं बोलणं तिथेच बंद करायचं, आधी माफी, विषय पुढच्या आठवड्यात. आमच्याकडे तरी माहेर आणि सासरच्या माणसांचं नाव तुलनेसाठी घ्यायचं नाही असा कडक नियम आहे.

तिसरं बिघडतं ते हळू, दोन-तीन महिन्यांनी लक्षात येतं. एकाचीच यादी असते आणि दुसऱ्याकडे कायम "माझं काही नाही". ह्याचा अर्थ त्याला काही खटकत नाही असा नसतो, त्याला सांगायची भीती वाटते किंवा सवय नाही असा असतो. अशा वेळी ज्याची यादी मोठी आहे त्याने दोन आठवडे स्वतःचं काही मांडायचंच नाही, फक्त विचारायचं, "ह्या आठवड्यात माझं काय खटकलं?" आणि जे येईल ते परत म्हणून दाखवायचं. पहिलं उत्तर खूप छोटं येईल, "तू एसी पंचवीसवर ठेवतेस". त्यालाच नीट ऐका.

एकच गोष्ट तीन रविवार परत आली तर ती छोटी नाही, तिच्याखाली काहीतरी आहे. आमचं असं रविवारच्या दुपारचं होतं. त्याला दर रविवारी कळव्याला ताईंकडे जायचं असतं, मला आठवड्यातली एक दुपार कुठेच जायचं नसतं. हुक लावून सुटणारा हा विषयच नाही. त्याच्या घरी माणसांनी भरलेला रविवार म्हणजे सुख, माझ्या घरी आम्ही तिघंच, शांत. गॉटमन ह्यांच्या अभ्यासात जोडप्यांच्या मतभेदांपैकी 69 टक्के असे कायम राहणारे निघाले, स्वभावातले, वाढण्यातले. म्हणून अशा विषयात "सोडवूया" हे टाकून द्यायचं आणि आत्तापुरती सोय लावायची. महिन्यातले दोन रविवार ताईंकडे, दोन घरी, आणि मेगाब्लॉक कडक असेल तर घरी. दर तीन-चार महिन्यांनी परत त्यावर बोलणं होतं, थोडं इकडे तिकडे करतो.

जोडीदार तयारच नसेल तर काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. एक तर "आपल्याला बोलायचंय" असं म्हणून सुरू करू नका, हे वाक्य ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येतो. पहिल्या आठवड्यात फक्त फिरायला न्या आणि दोन गोष्टींचे आभार माना, बाकी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात परत आभार, आणि "माझं काही खटकलं का" एवढा प्रश्न, उत्तर आलं तर ऐकून घ्या, खुलासा देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात विचारा की माझी एक छोटी गोष्ट सांगू का, दहा मिनिटांत संपेल. सगळ्यात हलकी गोष्ट घ्या, जी ऐकून कोणाचा अपमान होणार नाही. मनातली सगळ्यात जड गोष्ट पहिल्याच वेळी काढली तर समोरचा पुढच्या रविवारी पांघरूण ओढून झोपून राहील. चौथ्या आठवड्यापासून पूर्ण पंचवीस मिनिटं. तरीही तो किंवा ती अजिबात येत नसेल, आणि घरात आठवडे आठवडे अबोला असेल, तर मॅरेज काउन्सेलरकडे जा, एकट्याने गेलात तरी चालतं.

आणि रविवार चुकेलच कधीतरी. लग्न असतं, मुलगी आजारी पडते, गणपतीत तर दोन आठवडे घरात पाय ठेवायला जागा नसते. चुकला तर तो सोमवारी रात्री भरून काढायचा नाही, सोडून द्यायचा. पुढच्या रविवारी दोन आठवड्यांच्या दोन गोष्टी पण काढायच्या नाहीत, नेहमीसारखी एकच, आणि आधी आभार.